खंबाटकीतले चिंचोके: एका घरातल्या दोन गाड्या आणि पेट्रोलचा आकडा

मे २०२३ मधली गोष्ट. सिंहगड रोडवरच्या माझ्या गॅरेजात एकाच घरातून दोन गाड्या आल्या. पोराची सुपरबाईक, सेकंडहँड, एक लिटरची, चार सिलिंडर. वडिलांची स्प्लेंडर, २०१८ची, कार्बोरेटरवाली. काका रिटायर्ड, भाजी आणि बँक यापलीकडे फारसे जात नाहीत, पण महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर होतातच. पोरगा हिंजवडीला नोकरीला, मोठी गाडी फक्त शनिवार-रविवारी काढतो.

पोराची तक्रार अशी होती. "दादा, खंबाटकी चढताना आवाज येतो. स्टीलच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखा. सकाळी सातला गेलो तर येत नाही, दुपारी येतो. गॅस सोडला की बंद."

काकांची तक्रार वेगळीच होती. "याने माझ्या गाडीत चार महिने झाले महागातलं पेट्रोल घालायला लावलंय, शंभर ऑक्टेनवालं. ॲव्हरेज पूर्वी ६५ होतं, आता ५८ ला आलंय. पेट्रोल महाग आणि ॲव्हरेज कमी, हा कुठला न्याय?"

मी पोराला विचारलं, "आणि तुझ्या गाडीत काय घालतोस?"

"साधं. हिची टाकी सतरा लिटरची आहे दादा, शंभरवालं कसं परवडणार? बाबांची गाडी जुनी झालीय, तिला चांगलं पेट्रोल लागेल म्हणून त्यांना सांगितलं."

प्रेम खरं होतं, टाकी चुकली होती. ती कशी चुकली हे बाहेर यायला दोन रविवार गेले. वाटेत दोन-तीन गोष्टी अशा निघाल्या की त्या लिहून ठेवाव्यात असं वाटलं.

आधी आवाजाचं बोलू. गिऱ्हाईक "आवाज येतो" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा टॅपेट, कॅम चेन नाहीतर कुठला तरी सैल नटबोल्ट असतो. पण टॅपेटचा आवाज गाडी उभी असतानाही येतो आणि आरपीएमबरोबर चढतो-उतरतो. पोराचा आवाज उभ्या गाडीत येत नव्हता. मी पंधरा मिनिटं रेस दिली, पंखा फिरायला लागला, तरी चिंचोके नाहीत. तो फक्त भार पडल्यावर यायचा: चढ, वरचा गिअर, कमी आरपीएम आणि थ्रॉटल उघडा. थ्रॉटल मिटला की त्याच क्षणी गायब. एवढं ऐकलं की माझ्या डोक्यात एकच शब्द येतो, नॉकिंग. कुणी पिंगिंग म्हणतं, जुने मेकॅनिक "इंजिन कडकडतं" म्हणायचे.

आत काय घडतं ते सोपं आहे. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचा नळ तापतो, तो दाबामुळे. इंजिनात पिस्टन वर येताना पेट्रोल-हवेचं मिश्रण असंच दाबलं जातं आणि तापतं. मग स्पार्क पडतो, प्लगपासून आगीची लाट पसरायला लागते. ती लाट कडेपर्यंत पोचायच्या आत कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. पेट्रोलने तेवढा वेळ दम धरला तर लाट येऊन त्याला शिस्तीत जाळते. दम धरला नाही तर ते आपलं आपण पेटतं, एकदम, सगळं एकाच वेळी. त्या धक्क्याने पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंती वाजतात. चिंचोके म्हणजे हे.

पेट्रोलचा दम किती, ते सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाचं द्रव १००, नॉर्मल हेप्टेन शून्य, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं ते एका ठरावीक चाचणी इंजिनावर बघायचं. ९१ म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणाइतका दम. या आकड्यात ताकद किती, शुद्धता किती, मायलेज किती, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. पंपावरचा पोरगा "शंभरवालं टाका, पिकअप वाढेल" म्हणतो तेव्हा तो दम आणि ताकद यांची गल्लत करत असतो.

आता दोन्ही इंजिनं शेजारी ठेवू. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, कॉम्प्रेशन रेशो ९.९ ला १. पिस्टन वर आल्यावर मिश्रणाला साधारण ११ सीसी जागा उरते, म्हणजे दोन छोटे चमचे. पोराच्या गाडीच्या एका सिलिंडरमध्ये २५० सीसीच्या जरा खाली हवा येते आणि रेशो १३ ला १, म्हणून ती सगळी २१ सीसीच्या आत कोंबली जाते. तेरापट आणि दहापट यातला फरक कागदावर लहान दिसतो, पण दाब आणि तापमान दोन्ही वाढतात आणि दम धरायचं काम भलतंच अवघड होतं. या वर्गातल्या गाड्या सगळ्या अशाच आहेत: तिसऱ्या पिढीची हायाबुसा १२.५ ला १, पानिगाले व्ही४ तर १४ ला १. ताकद त्यातूनच येते आणि पेट्रोलबद्दलचे नखरेही त्यातूनच येतात.

मॅन्युअल काय म्हणतं, हे मी पोराला विचारलं. त्याने फोनवर काढून दाखवलं: किमान ऑक्टेन ९५, रॉन पद्धतीने मोजलेला, आणि इथेनॉल जास्तीत जास्त १० टक्के. आणि पंपावरचं साधं पेट्रोल तेव्हा भारत स्टेज सहाच्या नियमाने किमान रॉन ९१.

"मग घालतोस का ९१?"

"दादा, माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे हीच गाडी आहे. तो म्हणाला, इथे सगळे ९१ घालतात, काही होत नाही. मला वाटलं मॅन्युअलवाले उगाच जास्त लिहितात."

इथे मी हातातला पाना खाली ठेवला, कारण घोळ सापडला होता. आतेभाऊ खोटं बोलत नव्हता. कॅलिफोर्नियात पंपावर सगळ्यात वरचं पेट्रोल ९१ चंच असतं. पण तो ९१ आणि आपला ९१ हे एक नाहीत.

ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. रॉन ही सौम्य पद्धत: चाचणी इंजिन ६०० आरपीएमवर चालतं, आत येणारी हवा फार तापवलेली नसते. मॉन ही कडक पद्धत: ९०० आरपीएम, मिश्रण बरंच तापवलेलं. साहजिकच मॉनचा आकडा खाली येतो, आपल्या साध्या पेट्रोलला मानकाने तेव्हा रॉन किमान ९१ तर मॉन किमान ८१ मागितला होता. भारत आणि युरोप रॉन छापतात. अमेरिका दोन्हींची सरासरी छापते, तिकडच्या पंपावरच्या पिवळ्या चौकोनात खाली बारीक अक्षरात `(R+M)/2` असं लिहिलेलं असतं. त्यामुळे अमेरिकेतला ९१ म्हणजे आपल्या हिशोबाने ९५-९६ च्या घरात. आणि आपला ९१ तिकडे नेला तर तो त्यांच्या ८७ च्या आसपास बसेल, म्हणजे त्यांचं सगळ्यात स्वस्त पेट्रोल. आतेभाऊ पंपावरचं सगळ्यात वरचं भरत होता आणि आमचा पोरगा त्याच आकड्याच्या भरवशावर सगळ्यात खालचं.

परदेशातल्या भावाने सांगितलेला टायर प्रेशरचा आकडा आपण पीएसआय आहे की बार ते बघून घेतो, पण ऑक्टेनला एककच नसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तरीही नुसत्या तर्कावर गाडी सोडणं मला पटत नाही. हाच आवाज दुसऱ्या कारणांनीही येऊ शकतो: पिस्टनवर साठलेला कार्बन, कुलंट कमी, मिश्रण पातळ, चुकीच्या हीट रेंजचा प्लग, किंवा आधीच्या मालकाने ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, मॅप बदलून स्पार्कचं टायमिंग पुढे ढकललेलं. सेकंडहँड गाडीत या शेवटच्या गोष्टीची भीती जास्त. म्हणून आधी गाडी उघडली. या गाड्यांत प्लग बघायचा म्हणजे टाकी उचला, एअरबॉक्स काढा, कॉइल काढा, मग कुठे प्लग हाताला लागतो. अर्धा दिवस गेला.

चारपैकी दोन प्लगांच्या पांढऱ्या चिनीमातीवर भिंगातून बारीक काळे ठिपके दिसले, आमलेटवर मिरपूड भुरभुरल्यासारखे. नॉकिंग होत असल्याची ही खूण. जास्त वाईट अवस्थेत त्याच जागी चकचकीत बारीक गोळ्या दिसतात, तो पिस्टनचा ॲल्युमिनियम असतो, वितळून उडालेला. तशी गोळी एकही नव्हती. प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच होते. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा सोडला: पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा पातळ थर, कडा शाबूत. कुलंट पूर्ण, पंखा वेळेवर चालू होत होता, ईसीयू कंपनीचाच. म्हणजे इंजिन वाचलं होतं आणि संशय पेट्रोलवर आणखी घट्ट झाला.

"मग इतके महिने काही झालं कसं नाही?" काकांनी बरोबर प्रश्न विचारला.

नॉकिंग एका आवाजात इंजिन मारत नाही. सिलिंडरच्या भिंतीला आणि पिस्टनला चिकटून वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो, तो धातूला आगीपासून वाचवतो. नॉकिंगचे धक्के तो थर फाडतात आणि धातू थेट आगीच्या तोंडी जातो. घाटात मिनिटभर चिंचोके वाजले तर इंजिन सहन करतं. तेच पूर्ण थ्रॉटलवर, मोठ्या आरपीएमला, दहा-पंधरा मिनिटं चाललं तर पिस्टनच्या कडा खायला लागतात, रिंगच्या वरची कड तुटते. त्यात गंमत अशी की तिथे आवाज ऐकूच येत नाही. फुलफेस हेल्मेट, १५०चा वारा, चार सिलिंडरची किंकाळी, त्यात चिंचोके कुठले ऐकू येणार? पोराला खंबाटकीत ऐकू आलं ही त्याची नशिबाची गोष्ट, कारण तिथे ट्रकमागे हळू चालताना ऐकू येण्याइतकी शांतता होती.

पुढचा प्रश्न पोराचा. "कारमध्ये तर नॉक सेन्सर असतो. इतक्या महाग गाडीत नाही?"

बऱ्याच मोटरसायकलींत नसतो, आणि याच्या गाडीत नव्हता. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनांत असतो, हार्लेवाले वेगळ्या मार्गाने तेच साधतात. सेन्सर असेल तर नॉकिंग ऐकू आल्याबरोबर ईसीयू स्पार्क थोडा उशिरा टाकतो, ताकद जरा कमी होते पण इंजिन वाचतं. सेन्सर नसलेल्या गाडीचा ईसीयू टाकीत ९५ आहे असं धरून चालतो. त्याला सांगणारं कुणी नसतं.

मग आली खरी परीक्षा. पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता आम्ही निघालो, टाकीत साधंच पेट्रोल. वेळ मुद्दाम दुपारची घेतली, कारण सकाळी आवाज येत नाही हे पोरानेच सांगितलं होतं: थंड हवा आत गेली की शेवटचं तापमानही खाली राहतं आणि ९१ तेवढा दम कसाबसा धरतं. त्यामुळेच तो महिनाभर "कधी येतो, कधी नाही" या भ्रमात होता. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकी चढावी लागायची, येताना बोगदा. चढावर एका ट्रकमागे त्याने सहाव्या गिअरला, अडीच-तीन हजार आरपीएमवर थ्रॉटल उघडला. मी मागे बसलो होतो, हेल्मेटची काच वर. चिंचोके स्पष्ट वाजले. चौथा गिअर टाकायला लावला, आरपीएम वर गेले, आवाज जवळजवळ गेला. आरपीएम कमी असले की प्रत्येक जाळाला वेळ जास्त मिळतो आणि कोपऱ्यातल्या मिश्रणालाही भडकायला वेळ मिळतो, म्हणून हे होतं. सुपरबाईक सहाव्यात ओढत नेणं ही सवय पेट्रोल चांगलं असलं तरी वाईटच.

टाकीत पाचेक लिटर उरलं तेव्हा त्यात १२ लिटर शंभरवालं ओतलं. आकडे सरळ सरासरीने धरले तर: पाच गुणिले ९१, अधिक बारा गुणिले १००, भागिले सतरा, म्हणजे ९७ च्या थोडं वर. ही सरासरी तंतोतंत नसते, पण पंपावर उभं राहून अंदाज घ्यायला पुरते. पुढच्या रविवारी तीच दुपार, तोच चढ, तोच सहावा गिअर, मागे पुन्हा मीच. आवाज नाही. पोराने मुद्दाम आणखी ओढली, तरी नाही. नवे प्लग टाकून महिन्याने पुन्हा बघितले, मिरपूड नव्हती.

शंभरची गरज मात्र त्यालाही नव्हती. मॅन्युअल ९५ मागतं, ९५ पुरतं, आणि ९५च्या वर गेलेला प्रत्येक रुपया या ईसीयूसाठी अदृश्य आहे. तो स्पार्क पुढे नेणार नाही, कारण पेट्रोल बदललंय हे त्याला कळतच नाही. आपल्या जवळच्या पंपावर ९५ चं पेट्रोल मिळत असेल तर तेच. तेव्हा ते मिळत नसेल आणि ९१ व १०० दोन्ही असतील, तर निम्मं-निम्मं घातलं की ९५.५ व्हायचं. एक काळजी: महाग पेट्रोल म्हणजे जास्त आकडा असं धरू नये. काही पंपांवरचं भारी नावाचं पेट्रोल म्हणजे त्याच आकड्यात इंजिन साफ करणारं रसायन मिसळलेलं असतं. बोर्डावर ९५, ९९, १०० असा आकडा लिहिला आहे का ते बघायचं, नाव नाही.

आता काकांची गाडी. पोराला वाटत होतं की सुपरबाईकचा घोळ सुटला म्हणजे काम झालं. मला स्प्लेंडरमध्ये जास्त रस होता, कारण ही चूक घरोघरी होते.

९.९ ला १ च्या इंजिनात ९१ पेट्रोल कधी घाम न गाळता दम धरतं. मग शंभरने काय जादा मिळणार? जी आग आधीच शिस्तीत जळत होती ती आताही तशीच जळते. नुकसान नाही, फायदाही नाही. काकांनी मात्र वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, प्रत्येक वेळी किलोमीटर आणि लिटर, निळ्या शाईने. त्यात शंभरवाल्याचे ५८ दिसत होते, आणि त्याआधीच्या शेवटच्या टाक्यांचे ५६. म्हणजे घसरण शंभरवालं सुरू व्हायच्या आधीपासूनच चालू होती.

"५६ चे ५८ झाले ना, मग फायदा आहे की," पोरगा म्हणाला.

दोनचा फरक खरा असू शकतो, पण तो ऑक्टेनचा नाही. साध्या पेट्रोलमध्ये तेव्हा दहा-बारा टक्के इथेनॉल होतं आणि त्याने घातलेलं शंभरवालं इथेनॉलविरहित. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. दहा टक्के मिसळलं की ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होते. ५६ चे साडेतीन टक्के म्हणजे दोन. हिशोब तिथल्या तिथे जुळला. तीन-चार टक्क्यांसाठी लिटरमागे ₹१०६ ऐवजी ₹१६०च्या घरात मोजणं हा मात्र हिशोब नव्हे.

मग ६५ चे ५६ कशाने झाले? गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेरा फिरून थांबलं. ब्रेक ओढून धरत होता. काकांनी पेडल खोल जातं म्हणून स्वतःच रॉडचा नट दोन-तीन फेरे आवळला होता. नट सैल केला, चाक चार-पाच फेरे फिरायला लागलं. एअर फिल्टर काढला तर तो पावडर भरलेल्या उशीसारखा, टिचकी मारली की धूळ. नवा टाकला. चेन खूप सैल होती, ती लाईनीत आणली. टायरमध्ये हवा कमी होती. एवढंच. पेट्रोल साधं.

तीन टाक्यांनंतर काकांची वही: ६३, ६५, ६४. मोजायची पद्धतही त्यांना बदलायला लावली. मीटरचा काटा बघून मोजत होते, आता मेन स्टँडवर गळ्यापर्यंत भरायची, दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवायची, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि गेलेल्या लिटरने भागायचं. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही.

घरातल्या पैशाचं गणित मी पाटीवर मांडून दाखवलं. काकांचे महिन्याचे ६०० किलोमीटर शंभरवर जवळजवळ ₹१६५० चे, साध्यावर ५६ धरले तरी ₹११५० च्या आत. वाचले ₹५००. पोराची गाडी लिटरला पंधरा देते, तिचे ६०० किलोमीटर म्हणजे ४० लिटर, आणि ९५ चं पेट्रोल तेव्हा साध्यापेक्षा पाच-सहा रुपयांनी महाग. वाढले ₹२४०. बाबांच्या टाकीतून पैसे काढून पोराच्या टाकीत घातले तरी घर फायद्यात. काका त्यावर पोराकडे बघून एवढंच म्हणाले, "चार महिन्यांचे दोन हजार काढ."

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण २०२५ च्या पावसाळ्यात पोरगा पुन्हा आला, या वेळी खुशीत. देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल झालं होतं आणि पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्टमध्ये सांगितलं होतं की या मिश्रणाने रॉन ९५ पर्यंत गेला आहे.

"दादा, आता साधंच ९५ झालं. माझा प्रश्न सुटला ना?"

अर्धा सुटला. इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८ च्या आसपास, त्यामुळे ते मिसळलं की दम वाढतो, हे खरं आहे. चिंचोक्यांपुरतं बोलायचं तर त्याच्या गाडीला आता साधं पेट्रोल पूर्वीपेक्षा खूप बरं. पण त्याच्या मॅन्युअलच्या त्याच ओळीत दुसरी अट आहे, १० टक्के. पंपावरचं पेट्रोल पहिल्या अटीत बसायला लागलं आणि नेमक्या त्याच कारणाने दुसरीतून बाहेर पडलं.

मी गॅरेजच्या मागे, उघड्यावर, शंभर मिलिलिटरची काचेची मोजनळी काढली. दहाच्या खुणेपर्यंत पाणी, वर शंभरपर्यंत साधं पेट्रोल. बूच लावून हलवलं आणि पाच मिनिटं ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं, त्यामुळे खालचा थर फुगतो. रेघ दहावरून पंचविशीच्या वर जाऊन थांबली. नव्वद मिलिलिटरात वीस टक्के म्हणजे अठरा, त्यातलं बहुतेक खाली उतरलेलं. मग ९५वालं करून बघितलं, त्याचीही रेघ चढली. इथेनॉलविरहित शंभरवाल्याची रेघ दहावरच राहिली. पोरगा बराच वेळ त्या नळीकडे बघत होता.

रोज चालणाऱ्या गाडीत मी याचा फार बाऊ करत नाही. याची गाडी मात्र जून ते सप्टेंबर झाकून उभी असते, आणि खरी अडचण तिथे आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पुण्याच्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी चार महिने ठेवली की आतल्या दमट हवेचं पाणी पेट्रोलमध्ये जातं, आणि मर्यादेबाहेर गेलं की मोजनळीत झालं तेच टाकीत होतं: पाणी आणि इथेनॉल खाली, पेट्रोल वर. खालचा थर पंपाच्या तोंडाशी, तो जळत नाही. वरच्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेलेलं, म्हणजे त्याने आणलेला दमही गेला. ऑक्टोबरच्या उन्हात अशी गाडी कशीबशी चालू करून घाटात नेली तर चिंचोके परत.

तेव्हा आमचं ठरलं ते असं. एरवी ९५ मिळेल ते, गाडी फिरती ठेवायची. मे संपताना टाकी जवळजवळ रिकामी करायची, इथेनॉलविरहित शंभरवालं गळ्यापर्यंत भरायचं म्हणजे आत हवेला जागा उरत नाही, आणि दहा मिनिटं इंजिन चालवायचं म्हणजे नळ्यांत आणि इंजेक्टरमध्येही तेच पोचतं. शंभरवाल्याचा त्या गाडीला खरा उपयोग वर्षातून एवढा एकदा, आणि तोही शंभर या आकड्यासाठी नाही.

काकांची स्प्लेंडर २०१८ ची, म्हणजे तीही वीस टक्क्यांसाठी बनवलेली नाही. मी कार्बोरेटर उघडून वाटीखालचा रबरी सील आणि पेट्रोलची नळी दोन्ही बदलून टाकले, नळी हाताला चिकट लागायला लागली होती. वहीत आता ६१-६२ दिसतात. काकांनी त्या पानाच्या कडेला लाल शाईने "२० टक्के" लिहून खाली रेघ मारली आहे, आणि मोजनळी घरी न्यायला मागितली आहे. पंप बदलला की तपासायची म्हणतात.